‘आमच्या घराण्यात सगळ्यांचंच असं’



आज मी थोडं भांडायला बसले आहे. भांडण कुणा व्यक्तीशी नाही, एका वाक्याशी आहे. ते वाक्य माझ्या सासूबाईंनी उच्चारलं, त्यांच्या सासूबाईंनीही उच्चारलं असणार, आणि खरं सांगायचं तर मीही दोन वर्षं तेच म्हणत होते. ‘अगं, आमच्या घराण्यात सगळ्यांचंच असं. काही होत नाही.’

ते ज्या मुलीबद्दल म्हटलं जात होतं ती माझी पुतणी, धाकट्या दिरांची मुलगी. तेव्हा तिला पंधरावं चालू होतं. आमचं एकत्र कुटुंब डहाणूचं, त्यामुळे कुणाचं काय चाललंय हे लपत नाही. तिची पाळी आली की ती बाजूला बसायची. आमच्याकडे तीन दिवस स्वयंपाकघर नाही, देरासर नाही, पोथीला हात नाही. चौथ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून मोकळं व्हायचं. आता हे पाळावं की नाही हा आजचा विषय नाही, त्यावर आपण पूर्वी बोललो आहोत आणि पुढेही बोलू. आजचा मुद्दा एवढाच की या मुलीचा चौथा दिवस कधी चौथ्या दिवशी आलाच नाही. आठवा उजाडायचा, कधी नववा. एका पर्युषणात आठपैकी सहा दिवस ती देरासराच्या पायरीपर्यंतही गेली नाही, आणि घरात सगळे हळहळले ते कशावरून? तिची पूजा बुडाली म्हणून!

विचार करून बघा. ज्या घरात पाळीचे दिवस इतके काटेकोर मोजले जातात, त्या घरात नऊ दिवसांचा रक्तस्राव कुणाच्या नजरेतून सुटेल का? सुटला नव्हताच. आम्हाला सगळ्यांना आकडा तोंडपाठ होता. आम्ही तो देवघरासाठी मोजत होतो, तिच्यासाठी मोजत नव्हतो.

मग एका उन्हाळ्यात ती जिना चढताना बसली. ओठ पांढरे, छातीत धडधड. तपासलं तर हिमोग्लोबिन ७.२. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, पालेभाज्या खा म्हणाले. आम्ही चातुर्मासात पालेभाज्या खात नाही, त्यामुळे सगळा दोष त्याच्यावर टाकून मोकळे झालो. गोळ्यांनी आकडा ९ वर गेला, दोन पाळ्यांत पुन्हा साडेसातवर आला.

हे गणित आधी समजून घेऊ या, कारण आपल्या भागातल्या किती तरी घरांत ते असंच फसतं आहे. पाळीत साधारण तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं. ऐंशीच्या वर गेलं तर ते जास्त समजतात. शंभर मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे पन्नास मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर पडतं. आणि जेवणातून शरीर रोज किती लोह खरोखर शोषून घेतं? एक ते दोन मिलिग्रॅम. म्हणजे महिनाभर जेवून जे जमा होतं, ते एका मोठ्या पाळीत निघून जातं. खाली तोटी उघडी ठेवून वरून टाकी भरत बसायची, आणि भरत नाही म्हणून पाणी ओतणारीलाच बोलायचं, असा हा प्रकार. पालेभाजीने तोटी बंद होत नाही.

तोटी कुठे आहे ते कळलं एका दाढेमुळे. दाढ काढली आणि रक्त थांबेना. रात्रभर बोळा बदलत बसलो, दुसऱ्या दिवशी दुपारी जरा थांबलं, संध्याकाळी पुन्हा सुरू. तेव्हा दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा एक साधा प्रश्न विचारला. ‘हिच्या घरात आणखी कुणाला असं होतं का?’

आणि सासूबाई पटकन म्हणाल्या, ‘अहो, आमच्या घराण्यात सगळ्यांचंच असं.’

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. ‘आजी, हे मला नीट सांगा.’

मग एकेक बाहेर आलं. माझ्या दिरांचा, म्हणजे पोरीच्या वडिलांचा, लहानपणी दर उन्हाळ्यात घोळणा फुटायचा आणि अर्धा-अर्धा तास थांबत नसे. कांदा हुंगवायचा तर आमच्या घरात कांदा नाही, म्हणून डोक्यावर पाणी ओतत बसायचे. सासूबाईंच्या पाळीत गाठी पडायच्या, अंथरुणावर मेणकापड घालून झोपायच्या. दिरांच्या जन्मानंतर बाराव्या दिवशी त्यांना एवढं गेलं की बेशुद्ध पडल्या होत्या. पुढे चौतिसाव्या वर्षी पिशवी काढली, आणि त्या ऑपरेशनातही रक्ताच्या चार बाटल्या लागल्या. सगळ्यांना सगळं माहीत होतं. कुणी ते एका माळेत ओवलं नव्हतं, एवढंच.

ज्या आजाराची ही माळ होती त्याचं नाव व्हॉन विलेब्रँड आजार. आनुवंशिक रक्तस्रावाच्या आजारांमध्ये जगात सर्वांत जास्त आढळणारा हाच. नाव परकं आहे, पण काम समजायला सोपं आहे. रक्तवाहिनीला कुठे चीर पडली की रक्तातल्या बारीक चकत्या, ज्यांना प्लेटलेट म्हणतात, तिथे जाऊन चिकटतात आणि भोक बुजवतात. पण वाहत्या रक्तात त्यांना चिकटायला डिंक लागतो. तो डिंक म्हणजे व्हॉन विलेब्रँड हे प्रथिन. ते एका टोकाने फाटलेल्या भिंतीला धरतं आणि दुसऱ्या टोकाने प्लेटलेटला. त्याचं दुसरंही काम आहे. रक्त घट्ट करणाऱ्या घटकांपैकी आठवा घटक, फॅक्टर आठ, हे प्रथिन आपल्या अंगाखांद्यावर वागवतं. त्याच्याशिवाय फॅक्टर आठ रक्तात टिकतच नाही. एरवी त्याचं प्रमाण निम्मं व्हायला बारा-एक तास लागतात, या प्रथिनाच्या आधाराशिवाय तेच दोन-तीन तासांत होतं. म्हणून हे प्रथिन कमी असलं की दोन्हीकडून नुकसान. नाक, हिरड्या, गर्भाशय अशा ओल्या अस्तरांतून रक्त लवकर थांबत नाही.

आणि हे मुलग्यांचं दुखणं नव्हे. हिमोफिलिया बहुतेक मुलग्यांना होतो, कारण त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. या प्रथिनाची जनुकं बाराव्या गुणसूत्रावर आहेत, त्यामुळे मुलगा-मुलगी दोघांनाही सारखाच धोका. नेहमीच्या प्रकारात आई किंवा वडील, दोघांपैकी एकाकडून तो मुलात उतरू शकतो. आमच्याकडे आजीकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून लेकीकडे आला. पण त्रास कुणाला जास्त? जिला दर महिन्याला रक्तस्राव व्हायचाच आहे, तिला. माझ्या दिरांचं दाढी करताना कापलं तर कापूस लावून भागतं. पोरीला ती सोय नाही.

हे काही आजकालचं फॅड नाही हे सांगण्यासाठी मी तुम्हाला एका दूरच्या मुलीची गोष्ट सांगते. फिनलंडजवळ समुद्रात ऑलंड नावाची बेटं आहेत. तिथल्या हिओर्डिस नावाच्या पाच वर्षांच्या मुलीला १९२४ साली हेलसिंकीला डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांट यांच्याकडे नेलं. तीन वर्षांची असताना तिचा ओठ फाटला होता आणि तीन दिवस रक्त थांबलं नव्हतं. डॉक्टरांनी तिच्या एकटीच्या रक्ताकडे बघून सोडून दिलं नाही, तिच्या नात्यागोत्यातल्या ६६ जणांची माहिती जमवली. त्यांपैकी २३ जणांना रक्तस्रावाचा त्रास होता, आणि त्यांत १६ स्त्रिया होत्या. १९२६ मध्ये त्यांनी लिहिलं की हा हिमोफिलिया नाही, हा वेगळा आजार आहे आणि बायकांना तो जास्त छळतो. त्यांचंच नाव पुढे आजाराला मिळालं. आणि हिओर्डिस? ती तेरा वर्षांची झाली. तिला पाळी येऊ लागली. चौथ्या पाळीत रक्तस्रावाने ती गेली.

मैत्रिणींनो, या आजाराची पहिली नोंद झालेली मुलगी पाळीत गेली. त्याला आता शंभर वर्षं होत आली, आणि आपण अजून म्हणतो, ‘पाळीने कुणी मरतं का?’

आता माझा खरा राग सांगते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या. माझ्या पुतणीची कथा ऐकून त्या भांडी घासता घासता थांबल्या. ‘बाई, माझ्या पोरीचं पण तसंच आहे. आश्रमशाळेत निळी गोळी देतात, तरी पोरगी पांढरीच.’ त्या मुलीची सिकलसेलची तपासणी झाली होती. आपल्या पालघर जिल्ह्यात आदिवासी मुलांची ती व्हायलाच हवी, सिकलसेल इथे आहे. तपासणी निगेटिव्ह आली. घरच्यांना काय समजलं? ‘रक्ताचा आजार नाही.’ फाईल बंद. पण सिकलसेल नाही याचा अर्थ रक्ताचा कुठलाच आजार नाही, असं कुणी सांगितलं? त्या तपासणीत फक्त तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन कोणत्या जातीचं ते कळतं. डिंकाबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. मी त्या बाईंना विचारलं, ‘पोरीचं किती दिवस जातं, हे कुणी विचारलं का?’ त्या हसल्या. ‘ते कोण विचारतं?’

हेच माझं म्हणणं आहे. बोट टोचून हिमोग्लोबिन बघायला आपल्याकडे योजना आहे, शाळेत दर आठवड्याला लोहाची गोळी द्यायला योजना आहे, २०२३ पासून सिकलसेलसाठी देशभर मोहीम आहे. या सगळ्या चांगल्याच आहेत. पण ज्या प्रश्नाला पैसा लागत नाही, सुई लागत नाही, तो एकच प्रश्न कुणी विचारत नाही. का? तर पाळीबद्दल बोलायची लाज. आमच्या जैन घरात ती शुचितेच्या नावाखाली लपते, दुसरीकडे दुसऱ्या नावाखाली.

कायदाही याला अपवाद नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत रक्ताचे तीन आजार आहेत. हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल. हिमोफिलियाची तिथली व्याख्याच सांगते की तो सहसा पुरुषांना होतो आणि बायका तो मुलग्यांपर्यंत पोचवतात. म्हणजे कायद्याच्या लेखी बाई ही वाहक, रक्त जाणारी कुणी दुसराच. व्हॉन विलेब्रँडचं त्या यादीत नाव नाही.

आणि गंमत बघा. जगात हा आजार हिमोफिलियापेक्षा किती तरी जास्त लोकांना असतो. पण आपल्या देशात नोंदी बघितल्या तर हिमोफिलियाचे रुग्ण पुष्कळ आणि याचे मोजके. ज्यांची नोंद होते त्यांतही अगदी तीव्र प्रकाराचे रुग्ण खूप जास्त दिसतात, जो खरं तर लाखात एकाच्याही कितीतरी खाली सापडायला हवा. याचा अर्थ भारतीय बायकांचं रक्त निराळं आहे असा नाही. ज्यांचं अगदी जिवावर बेततं त्या तेवढ्या मोठ्या हॉस्पिटलपर्यंत पोचतात. बाकीच्या आपापल्या घराण्यात ‘सगळ्यांचंच असं’ म्हणत बसतात.

आता निदान कसं होतं आणि कुठे फसतं ते सांगते, कारण आमचं एकदा फसलं.

पहिली फसगत म्हणजे ‘बीटी-सीटी’. ऑपरेशनच्या आधी बोट किंवा कान टोचून रक्त किती वेळात थांबतं ते बघतात ना, तीच. ती नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका. सौम्य प्रकारात ती बहुतेक वेळा नॉर्मलच येते. प्लेटलेटची संख्याही नॉर्मल येते. पुतणीच्या तीन लाखांवर होत्या! चकत्या भरपूर आहेत, डिंक कमी आहे, आणि आपण मोजतो चकत्या. रक्त गोठण्याच्या पीटी आणि एपीटीटी या तपासण्याही नॉर्मल असू शकतात. नेमकं कळायला तीन गोष्टी मोजाव्या लागतात. ते प्रथिन रक्तात किती आहे, ते काम किती करतं, आणि फॅक्टर आठ किती आहे.

दुसरी फसगत वेळेची. दाढेच्या त्या धावपळीत पोरीला तापही होता. तेव्हाच एका खासगी लॅबमधून ही तपासणी करून घेतली. प्रथिन आलं ५२ टक्के. पन्नासच्या वर म्हणजे ठीक, असं सगळ्यांनी मानलं. सासूबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. पण त्या डॉक्टरीणबाई ऐकेनात. त्या म्हणाल्या की हे प्रथिन ताप, भीती, धावपळ, गरोदरपण, हार्मोनच्या गोळ्या या सगळ्यांत वाढतं. रडून घाबरलेल्या, तापलेल्या मुलीच्या रक्तातला आकडा खरा मानायचा नाही. ती बरी असताना पुन्हा बघायचं.

तिसरी फसगत अंतराची. मी म्हटलं, इथेच रक्त काढून बर्फात घालून मुंबईला पाठवू. त्या जवळजवळ ओरडल्या. न वेगळं केलेलं रक्त थंड ठेवलं की हे प्रथिन खोटंच कमी दिसू लागतं. म्हणजे ज्याला आजार नाही त्यालाही शिक्का बसायचा. एक तर इथल्याच लॅबने लगेच रक्तातला द्रव वेगळा करून गोठवून पाठवायला हवा, नाही तर मुलीलाच घेऊन जायचं. आपल्याकडे दुसरा मार्गच सोपा. डहाणू रोडहून सकाळची लोकल पकडली की अडीच-एक तासांत दादर. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे, रक्तस्रावाच्या आजारांची तपासणी हे तिचं कामच. तलासरीकडच्या लोकांना वापी, सिल्वासा, वलसाड जवळ पडतं हे मला माहीत आहे आणि तातडीला तिकडेच जावं. पण ही तपासणी एकदा नीट व्हायला हवी, म्हणून एक दिवस मोडून मुंबई गाठावी असं माझं मत.

आम्ही दोनदा गेलो. पहिल्या वेळी प्रथिन २७ टक्के, दुसऱ्या वेळी २४. काम करण्याची क्षमता त्याच बेताची, फॅक्टर आठ ४१. तिचा रक्तगट ओ. ओ गटाच्या लोकांत हे प्रथिन मुळातच पाव हिश्शाने कमी असतं, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी नुसत्या आकड्यावर न जाता दाढ, पाळी, वडील, आजी असा सगळा इतिहास लिहून घेतला. तिसाच्या खाली आकडा असला तर निदान होतं. तीस ते पन्नासच्या मधे असला तर असा रक्तस्रावाचा इतिहास असेल तरच. निदान झालं: प्रकार एक, म्हणजे प्रथिन चांगलं आहे पण कमी आहे. नंतर दिरांचं बघितलं, त्यांचं ३३. सासूबाई मात्र म्हणाल्या, ‘माझं आता बघून काय करायचं?’ मग जरा वेळाने म्हणाल्या, ‘बघा. निदान कळू दे मला.’ त्या रात्री त्या बराच वेळ माळ हातात घेऊन नुसत्या बसल्या होत्या. चौतिसाव्या वर्षी काढलेली पिशवी त्यांना आठवत असणार.

त्या पिशवीबद्दल बोलायलाच हवं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या तेव्हा आपण सगळ्या हळहळलो. पण आपल्या सुशिक्षित घरांतही ‘जास्त जातं ना, मुलं झाली ना, मग काढून टाका’ हा सल्ला रोज दिला जातो. जिच्या रक्तात डिंक कमी आहे तिची पिशवी काढणं म्हणजे दोष एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला. शिवाय निदान न करता चाकू लावला तर त्याच ऑपरेशनात तिचा जीव धोक्यात. पिशवी काढायला सांगितली तर आधी विचारा, ‘रक्त का जातंय ते तपासलं का?’

उपचार ऐकून तर मला रडूच आलं, इतके ते साधे निघाले. पुतणीला ट्रॅनेक्सामिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या. पाळी सुरू झाली की डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत दिवसातून तीनदा, जास्तीत जास्त पाच दिवस. रक्ताची गुठळी जी शरीर विरघळवून टाकतं, ते विरघळणं ही गोळी लांबवते. गाठींची जुनी तक्रार किंवा लघवीतून रक्त जात असेल तर ती डॉक्टरांना आधी सांगायची, म्हणून मनाने घ्यायची गोळी नव्हे. त्याने भागलं नाही तर हार्मोनच्या गोळ्या असतात. दाढ काढायची किंवा ऑपरेशन असेल तर डेस्मोप्रेसिन नावाचं औषध शरीरातला साठलेला डिंक रक्तात सोडायला लावतं. ते चालतं की नाही हे आधी एकदा देऊन मोजून बघतात, आणि ते घेतल्यावर दिवसभर पाणी बेताने प्यायचं असतं. तीव्र प्रकारात मात्र साठाच नसतो, तिथे ते निरुपयोगी. तिथे बहुतेक वेळा माणसाच्या रक्तापासून केलेलं फॅक्टरचं औषध द्यावं लागतं.

इथे आपल्यातल्या काही जणी मला विचारणार हे ठाऊक आहे. रक्तापासून केलेलं औषध आपल्याला चालतं का? पहिलं म्हणजे गोळ्या कारखान्यात रसायनांपासून बनतात, आणि कॅप्सूलच्या जिलेटिनची शंका असेल तर ही साध्या गोळीतही मिळते. दुसरं म्हणजे रक्त देणारा आपल्या इच्छेने देतो, त्याचा जीव जात नाही, आणि घेणारीचा वाचतो. यात हिंसा कुठे आहे ते मला दाखवा. मला तर हिंसा त्या मुलीला दर महिन्याला रिकामं होऊ देण्यात दिसते.

तपाबद्दलही. पुतणीला अठ्ठाई करायची होती. मी साध्वीजींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘आधी आरोग्य, मग तप. या वर्षी नाही.’ इतकं सरळ उत्तर मला घरात मिळालं नव्हतं. उपवासाने हे प्रथिन कमी होत नाही, पण हिमोग्लोबिन सातवर असताना लोहाची गोळी चुकवणं परवडत नाही.

आणि टाळायचं काय? पोट दुखतं म्हणून दुकानातून आणलेल्या कोणत्याही वेदनाशामक गोळ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी चकत्यांचा चिकटपणा आणखी कमी होतो. साधी पॅरासिटामॉल चालते. दंडात, कमरेत खोल टोचायचं इंजेक्शन असेल तर आधी आजार सांगायचा.

आता सगळ्यात नाजूक आक्षेप. माझ्या जावेने तो घेतला, आणि ती आई आहे म्हणून मी तिला दोष देत नाही. ‘ताई, कुणाला सांगू नका. उद्या तिचं लग्न व्हायचंय.’

मी जावेला सासूबाईंच्या बाराव्या दिवसाची आठवण करून दिली. गरोदरपणात हे प्रथिन वाढतं, सगळं छान दिसतं, बाळंतपणही सुखरूप होतं. मग बाळ झाल्यावर काही दिवसांत ते पुन्हा मूळ पातळीला उतरतं, आणि सगळे निवांत झालेले असताना रक्तस्राव सुरू होतो, पहिल्या आठवड्यात किंवा दुसऱ्या-तिसऱ्यातही. तेव्हा ती माहेरी किंवा सासरी खोलीत असणार, आणि घरातली म्हातारी बाई म्हणणार, ‘बाळंतिणीला जायचंच.’ ज्या घराला तिचा आजार माहीत असेल ते घर तिला गाडीत घालेल. ज्या घरापासून आपण लपवला ते घर गरम पाण्याची पिशवी देईल. मग सांगा, लपवून आपण तिचं लग्न वाचवलं की तिचा जीव टाकला? हे औषधाने सांभाळता येणारं दुखणं आहे. जे घर एवढ्यावरून नकार देईल, त्या घरात माझी पुतणी न गेलेलीच बरी.

‘प्रत्येक पोरीला आजारी ठरवणार का?’ असंही काही जणी म्हणतील. नाही. पहिल्या एक-दोन वर्षांत पाळी अनियमित असते, कधी जास्तही जाते, त्याची कारणं बहुतेक हार्मोनची असतात. थायरॉईड असतं, गर्भाशयात गाठी असतात. म्हणून माझी मागणी तपासणीची नाही, आधी प्रश्नाची आहे. घरातल्या, शाळेतल्या, पाड्यावरच्या मुलीला बसवून विचारा. सात दिवसांपेक्षा जास्त जातं का? एक-दोन तासांत पॅड किंवा घडी भिजते का, रात्री उठून बदलावी लागते का? रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात का? घोळणा दहा मिनिटांहून जास्त वाहतो का? दात काढल्यावर, टाके घातल्यावर, बाळंतपणात कुणाला रक्त थांबेना झालं होतं का? दोन-तीन उत्तरं ‘हो’ आली की मगच पुढचं. आणि शेवटचा प्रश्न घरातल्या आजीला विचारा, कारण उत्तर बहुधा तिच्याकडेच असतं.

तलासरीची ती मुलगी अजून परळला गेलेली नाही. शाळेची रजा आणि आईचा बुडणारा रोज, दोन्ही जमवायचं आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी तिला आणि तिच्या आईला घेऊन जाणार आहे. तिला आजार निघेल की नाही मला माहीत नाही, कदाचित नुसतं लोहच कमी असेल. पण कुणीतरी तिला दिवस विचारायला हवे होते, ते मी विचारले. अकरा.

आणि आमच्या घरात? पुतणीचं हिमोग्लोबिन आता ११.४ आहे. पाळी सहाव्या दिवशी थांबते. सासूबाईंचा अहवाल आला, ३१. वय वाढलं की आकडा थोडा वाढतो म्हणतात, म्हणजे तरुणपणी किती असेल कोण जाणे. परवा त्यांच्या बहिणीचा फोन आला होता, नातीला फार जातं म्हणून काळजी करत होती. मी आतून ऐकत होते. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, आपल्या घराण्यात सगळ्यांचंच असं.’ माझ्या पोटात गोळा आला. मग त्या पुढे म्हणाल्या, ‘म्हणून तर तिला डॉक्टरांकडे ने.’